सहकाऱ्याच्या साखरपुड्याला चार ओळी: काय लिहावं आणि कुठे थांबावं

सोमवारी सकाळी आमच्या वसुली विभागातली मुलगी कामावर आली तेव्हा तिच्या मनगटापर्यंत मेंदी होती. तिने पर्स खुर्चीला अडकवली आणि पेढ्यांचा बॉक्स टेबलाच्या कडेला ठेवला. मग काहीच न झाल्यासारखं दाखवत संगणक सुरू केला. कीबोर्डवर बोटं चालली की अंगठी मध्येच टक् करून वाजायची. रविवारी तिचा साखरपुडा झाला होता.

दुपारच्या डब्यापर्यंत ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेशांची रांग लागली. ‘अभिनंदन’, ‘हार्दिक अभिनंदन’, ‘काँग्रॅट्स’, पुष्पगुच्छ, परत ‘अभिनंदन’. डबा खाताना ती अंगठ्याने स्क्रीन वर सरकवत होती. एखाददुसऱ्या ठिकाणी ती थांबे, वाचून जरा हसे आणि पुढे जाई. ती कुठे थांबते हे मी पाहत होते, कारण कार्यालयातर्फे द्यायच्या कार्डावर मजकूर लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे होतं.

सांगलीतल्या एका पतसंस्थेत मी वीसेक वर्षं नोकरी करते आहे. अक्षर बरं आहे म्हणून पहिल्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं आणि पुढे माझ्याकडेच राहिलं. एवढ्या वर्षांत साखरपुड्याच्या चार ओळी लिहिण्याची एक रीत हाताला बसली आहे. ती इथे सांगते.

आधी बघा, नेमकं काय झालंय

आपल्या भागात लग्न एका दिवसात ठरत नाही. आधी बघण्याचा कार्यक्रम आणि पसंती, मग बैठक, सुपारी फुटते, याद्या होतात आणि नंतर साखरपुडा. काही घरांत सुपारी आणि साखरपुडा एकाच दिवशी उरकतात. काही घरांत साखरपुडा लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीसोबतच असतो. ‘जमलं’ हा शब्द मात्र यातल्या कुठल्याही टप्प्याला वापरला जातो. ‘तिचं जमलं म्हणं’ असं चहाच्या टपरीवर ऐकलं, तर त्यावरून काय झालंय ते कळत नाही.

लेखी अभिनंदनाची वेळ साखरपुडा झाल्यानंतरची. त्याआधी ज्याने आपल्याला विश्वासाने सांगितलं त्याला तोंडी ‘छान झालं, आनंद वाटला’ म्हणावं आणि तिथेच थांबावं.

माझ्या हातून एकदा इथेच चूक झाली. एका मैत्रिणीने सुपारी फुटल्याचं मला जिन्यात हळूच सांगितलं. मला इतका आनंद झाला की जागेवर येईपर्यंत मी ग्रुपवर अभिनंदन टाकलं होतं. ते स्थळ पुढे गेलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ‘तारीख काय धरली?’ म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला तिला वेगवेगळं उत्तर द्यावं लागलं. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण मला ते अजून बोचतं.

तेव्हापासून मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: ही बातमी तिने स्वतः सर्वांना दिली आहे का? पेढे टेबलावर आले, ग्रुपवर तिने स्वतः फोटो टाकला किंवा साहेबांसमोर सांगितलं, तर बातमी सर्वांची झाली. दुसऱ्या कुणाच्या स्टेटसवर फोटो दिसला म्हणून ती सर्वांची होत नाही. अशा वेळी तिला एकटीला लिहावं: ‘फोटो पाहिला, खूप आनंद झाला. अभिनंदन!’ ग्रुपवर कधी सांगायचं ते तिचं ती ठरवेल.

संबोधन: ताई, मॅडम, सर की नुसतं नाव

रोज तोंडाने जी हाक मारता तीच कागदावर ठेवा. रोज ‘ताई’ म्हणत असाल तर कार्डावर एकदम ‘आदरणीय’ झाल्यावर परकेपणा येतो. रोज ‘मॅडम’ म्हणत असाल तर अभिनंदनाच्या उत्साहात ‘अगं’ लिहू नये. डब्याच्या वेळी दोघीच असताना ‘तू’ चालत असेल, तरी सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड ‘तुम्ही’मध्येच लिहावं. त्या कार्डावर शिपाईकाकांचीही सही असते आणि शाखाधिकाऱ्यांचीही. दोघांच्याही तोंडी शोभेल असं एकच रूप म्हणजे ‘तुम्ही’.

‘आपण’ आणि ‘आपले’ मी टाळते. ‘आपले अभिनंदन’ या दोन शब्दांत अभिनंदन तुमचं की आपलं सगळ्यांचं, अशी क्षणभर अडखळ होते. शिवाय वरच्या ओळीत ‘आपला साखरपुडा’ आणि खालच्या ओळीत ‘तुम्हाला शुभेच्छा’ अशी सरमिसळ फार होते. एकदा ‘तुम्ही’ धरलं की शेवटपर्यंत ‘तुम्ही’च ठेवायचं. भाषेच्या रूपाचंही तसंच. ‘तुमचे’ लिहायचं की ‘तुमचं’, ते आधी ठरवा. छापील कार्डावर मी ‘तुमचे’ लिहिते, फोनवर ‘तुमचं’. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच मजकुरात दोन्ही आली की शिवण उसवल्यासारखी दिसते.

मुलीच्या नावाआधी ‘सौ.’ लावायची घाई करू नका, साखरपुड्याने ती सौभाग्यवती होत नाही. ‘चि. सौ. कां.’ हे पत्रिकेवर घरच्या वडीलधाऱ्यांनी लिहायचं, सहकाऱ्यांनी नव्हे. नवं आडनावही लावू नका. लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं असतं. कार्डावर ते आधीच लिहून टाकणं म्हणजे तिच्या वतीने आपण ठरवल्यासारखं होतं.

चार वाक्यं आणि त्यांचं काम

बातमी मिळाल्याचा आनंद, दोघांचं अभिनंदन, तिच्याबद्दल एक खरं वाक्य आणि शुभेच्छा, असा क्रम मी ठेवते. एकूण पस्तीस ते पन्नास शब्द. यापेक्षा लांबलं की कार्ड भाषणासारखं होतं आणि सह्यांना जागा उरत नाही.

‘अभिनंदन’ आणि ‘शुभेच्छा’ हे दोन शब्द आपण एका दमात म्हणतो, पण त्यांची कामं वेगळी आहेत. अभिनंदन जे झालं त्याबद्दल करायचं, शुभेच्छा जे पुढे आहे त्यासाठी द्यायच्या. म्हणून ‘साखरपुड्याबद्दल अभिनंदन’ आणि ‘पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा’. साखरपुडा पुढच्या रविवारी असेल तर आज अभिनंदन करू नये, ‘रविवारच्या कार्यक्रमासाठी शुभेच्छा’ म्हणावं आणि अभिनंदन सोमवारसाठी राखून ठेवावं.

दुसऱ्या वाक्यात होणाऱ्या जोडीदाराचं नाव यावं. साखरपुडा दोघांचा असतो आणि कार्ड घरी गेल्यावर बहुतेक वेळा तेही वाचतात. नाव नीट माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नका, तिलाच विचारा. विचारलेलं तिला आवडतंच, नाव सांगताना चेहरा किती खुलतो ते पाहा. विचारायला सवड नसेल तर ‘तुम्हा दोघांचे’ एवढं पुरतं. ‘यजमान’ किंवा ‘मिस्टर’ मात्र आत्ता नको.

तिसरं वाक्य अवघड आहे आणि कार्डाचा जीव त्यातच असतो. ग्रुपवरच्या त्या रांगेत ती मुलगी जिथे थांबली, तिथे असंच काहीतरी होतं. कॅशियरकाकांनी लिहिलं होतं, ‘आज कॅश एका झटक्यात जुळली, पेढ्यांचा गुण!’ त्यात मोठी गोष्ट काहीच नव्हती, पण तो संदेश फक्त तिलाच आणि फक्त त्याच दिवशी लिहिता आला असता.

हे वाक्य कामाच्या ओळखीतून यावं, कारण आपली तिची ओळख तीच आहे. तिचं दिसणं, तिचं घर, तिचा स्वभाव घरात कसा असेल, हे आपलं क्षेत्र नाही. तिच्यासोबत काम करताना आपण रोज पाहतो अशी एखादी छोटी गोष्ट शोधायची. ती सकाळी आधी येऊन सगळ्यांच्या खिडक्या उघडते का? मार्च एंडला उशिरापर्यंत थांबताना भडंगाची पुडी फिरवते का? नवीन माणसाला व्हाउचर भरायला शिकवताना आवाज चढवत नाही का? एवढंसं पुरतं.

चौथं वाक्य शुभेच्छांचं. ते साधं ठेवा. ‘तुम्हा दोघांना पुढच्या आयुष्यासाठी खूप खूप शुभेच्छा.’ याला अलंकार लावायची गरज नाही.

एक कार्ड पहिल्या खर्ड्यापासून

त्या सोमवारचंच कार्ड घेऊ. घाईत माझ्या हातून पहिला खर्डा उतरला तो असा:

‘आपला साखरपुडा संपन्न झाल्याचे समजले. ऐकून अतिशय आनंद झाला. आपले हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. नांदा सौख्य भरे!’

व्याकरणात चूक नाही, कुणाला वाईट वाटेल असंही काही नाही. तरी मी तो बाजूला ठेवला. ‘संपन्न झाल्याचे समजले’ ही सभेच्या इतिवृत्ताची भाषा आहे, वार्षिक सभा संपन्न होते. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे आपण बदली झालेल्या किंवा निवृत्त होणाऱ्या माणसाला म्हणतो. नुकताच साखरपुडा झालेल्या मुलीच्या कार्डावर ते आलं की वाचणाऱ्याच्या मनात येतं, ही नोकरी सोडतेय की काय? मुलगी आहे म्हणून तर हा अर्थ आणखी पटकन निघतो, आणि तिने तसं काहीच ठरवलेलं नसतं. ‘नांदा सौख्य भरे’ हा लग्नातला आशीर्वाद आहे. तो अक्षता टाकल्यानंतर वडीलधाऱ्यांनी द्यावा, सात-आठ महिने आधी ऑफिसने नव्हे. होणाऱ्या नवऱ्याचा उल्लेखच नव्हता. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे हा मजकूर कुणालाही देता आला असता. नाव बदललं की काम झालं.

दुसऱ्या खर्ड्यात मी तिच्या कामाचं वाक्य आणलं:

‘तुमचा साखरपुडा झाल्याचे कळले आणि आम्हा सर्वांना खूप आनंद झाला. तुमचे आणि ..... यांचे मनापासून अभिनंदन. थकबाकीदारसुद्धा तुमच्याशी बोलून शांतपणे घरी जातो. हाच समजूतदारपणा तुम्हाला संसारातही उपयोगी पडेल. खूप शुभेच्छा!’

हा बराच जवळ आला होता. तिची ती हातोटी खरीच आहे. नोटीस मिळाल्यामुळे तावातावाने आत आलेला माणूस तिच्या टेबलासमोर बसतो. ती आधी त्याला पाणी देते, मग हप्त्यांचा तक्ता पुढे सरकवते, आणि पंधरा मिनिटांनी तो ‘येतो ताई’ म्हणून उठतो. पण दोन ठिकाणी मला अडलं. ‘थकबाकीदार’ हा आमच्या रोजच्या तोंडातला शब्द, मात्र साखरपुड्याच्या कार्डावर तो उंबऱ्यात चपला पडल्यासारखा दिसत होता. आणि ‘हाच समजूतदारपणा संसारातही उपयोगी पडेल’ हे वाक्य वरवर कौतुक, आतून उपदेश होतं. संसारात समजून घ्यायचं ते तिने, असंच जणू मी तिला सांगत होते. हेच कार्ड वसुलीतल्या एखाद्या मुलाचं असतं तर मी ते वाक्य लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. ही कसोटी मी तेव्हापासून प्रत्येक कार्डाला लावते. मुलाला लिहिणार नाही ते मुलीला लिहायचं नाही आणि मुलीला लिहिणार नाही ते मुलालाही नाही. कामातला गुण सांगायचा आणि तिथेच थांबायचं. त्याला लग्नाची शेपटी जोडायची नाही.

शेवटी कार्डावर गेलं ते असं:

‘प्रिय .....ताई,
तुमच्या साखरपुड्याची बातमी आणि पेढे एकदमच मिळाले. तुमचे आणि ..... यांचे मनापासून अभिनंदन! चिडून आलेला माणूसही तुमच्याशी बोलून शांत होऊन परत जातो, हे आम्ही रोज पाहतो. तुम्हा दोघांना पुढच्या आयुष्यासाठी खूप खूप शुभेच्छा.
तुमचे सर्व सहकारी’

यात लग्नाच्या तारखेचा उल्लेख नाही, तो मी जाणूनबुजून ठेवला नाही. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये बरेच महिने जातात. कधी तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायचं असतं, कधी कुणाची परीक्षा असते, कधी हॉलच मिळत नाही. क्वचित ठरलेलं मोडतंही. साखरपुड्याचं कार्ड साखरपुड्यापुरतंच ठेवलं तर पुढे काहीही झालं तरी ते खोटं पडत नाही, आणि वाचणाऱ्याला कुठे टोचतही नाही.

काय गाळायचं

‘विकेट पडली’, ‘आता सुटका नाही’, ‘स्वातंत्र्य संपलं’ हे सगळं गाळायचं. मित्रांच्या कट्ट्यावर ते खपतं, पण ऑफिसच्या ग्रुपवर तिचे साहेब असतात आणि कधीकधी त्याचा स्क्रीनशॉट सासरीही पोचतो. ‘लव्ह की अरेंज?’ हा प्रश्न अभिनंदनाला चिकटवू नका. ‘पाहुणे कुठले?’ असा प्रश्न आपल्याकडे अगदी सहज तोंडात येतो आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. पण त्या एका प्रश्नातून गावाबरोबर जातही विचारली जाते, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. ‘मग बदली घेणार का?’, ‘आता पुण्यालाच जाणार असशील?’ हेही नको. देण्याघेण्याचा विषय तर लांबच राहू द्या.

दुसरं लग्न असेल, जातीबाहेरचं असेल, घरच्यांचा विरोध होऊन ठरलेलं असेल, तर त्याचा उल्लेख कौतुकाच्या सुरातही करू नये. ‘इतकं सोसून शेवटी छान झालं’ असं लिहिणाऱ्याची भावना चांगली असते. पण ज्या दिवशी तिला फक्त आनंदात राहायचं आहे, त्या दिवशी आपण तिला ते सोसणं पुन्हा दाखवतो.

शुद्धलेखन एकदा नजरेखालून घाला. ‘हार्दिक’मधली दि ऱ्हस्व, ‘अभिनंदन’मधली भि ऱ्हस्व, आणि ‘शुभेच्छा’मध्ये च्छ आहे, ‘शुभेच्या’ नाही. ‘वाङ्निश्चय’ हा साखरपुड्याचाच भारदस्त शब्द, वाक् म्हणजे शब्द आणि त्याचा निश्चय. फोनवर टाइप करताना तो इतका मोडतो की मी सरळ ‘साखरपुडा’ लिहिते. मुलाकडच्यांनी मुलीची ओटी भरून हातात साखरेचा पुडा द्यायचा, त्यावरून आलेला हा शब्द. कार्डावर तो जास्त गोड दिसतो.

नातं बदललं की मजकूर कसा बदलतो

तुम्ही साहेब असाल आणि साखरपुडा हाताखालच्या माणसाचा असेल, तर मजकूर आणखी आटोपशीर करा. तुमच्या शब्दाला पदाचं वजन असतं. ‘तुमच्या साखरपुड्याबद्दल तुमचे आणि ..... यांचे हार्दिक अभिनंदन. आपल्या शाखेतल्या सर्वांना या बातमीने आनंद झाला आहे. दोघांना शुभेच्छा.’ रजेचा विषय यात आणू नका. ‘रजेचं आधी सांगा’ ही ओळ कितीही प्रेमाने लिहिली तरी सूचना म्हणूनच वाचली जाते.

साहेबांना लिहायचं असेल तर कामाच्या गुणाचं वाक्य गाळलेलं बरं, त्याला खुशामतीचा वास येतो. ‘सर, साखरपुड्याबद्दल मनापासून अभिनंदन. तुम्हाला आणि ..... मॅडमना आम्हा सर्वांकडून शुभेच्छा.’ एवढं भरपूर झालं.

पुरुषाने बाईला किंवा बाईने पुरुषाला लिहिताना वेगळं काही करावं लागत नाही. फक्त लाल बदाम, मिठीची चित्रं आणि रात्री साडेदहाचा संदेश एवढं टाळावं. संदेश कामाच्या वेळेत जावा. फुलाचं चित्र किंवा जोडलेले हात चालतात.

बरोबरीच्या मित्राला, ज्याला तुम्ही ‘अरे-तुरे’ करता, त्याला मात्र मोकळेपणाने लिहा. एमआयडीसीतल्या माझ्या भावाने त्याच्या शिफ्टमधल्या मित्राला पाठवलं होतं: ‘मित्रा, लई भारी बातमी! तुझं आणि वहिनींचं मनापासून अभिनंदन. रात्रपाळीत तू केलेला चहा त्यांनाही एकदा पाजच.’ ‘वहिनी’ हा शब्द इथे शोभतो, कारण दोघांत भावाचं नातं आहे. तोच शब्द कंपनीच्या मेलमध्ये कुणा मॅनेजरने लिहिला तर सलगी वाटेल.

कधी आणि कुठून द्यायचं

पहिलं अभिनंदन तोंडी करा. तिच्या टेबलापाशी उभं राहून दोन वाक्यं बोला, पेढा घ्या आणि आपल्या जागेवर या. काउंटरवर लोक उभे असतील तर नंतर जा. लेखी मजकूर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी द्यावा. कार्ड फिरवायचं असेल तर सकाळी शिपाईकाकांकडे लिफाफ्यात घालून द्या आणि प्रत्येकाने फक्त सही करावी, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर प्रत्येक जण स्वतःची एकेक ओळ घालतो, त्यात एक ‘विकेट पडली’वालाही निघतो, आणि पेनाने लिहिलेलं खोडता येत नाही. त्या दिवशी मी कार्डाखाली पेन्सिलीने दोन उभ्या रेघा मारून सह्यांसाठी रकाने करून दिले. मग कुणी जास्तीचं लिहिलं नाही.

आठवडा उलटून गेला असेल तरी अभिनंदन करा, फक्त उशिराची कारणं लांबवू नका. ‘मागच्या आठवड्यात मी रजेवर होते, आज कळलं. मनापासून अभिनंदन!’ एका ओळीत कारण आणि लगेच अभिनंदन. साखरपुड्याला आपल्याला बोलावलं नव्हतं हे मजकुरात कुठेही दिसू देऊ नका. ‘आम्हाला विसरलात ना?’ हे हसत लिहिलेलं असलं तरी तिला त्यावर खुलासा द्यावा लागतो. बरेच साखरपुडे घरच्या घरी, मोजक्या पाहुण्यांत होतात.

ती ‘आभारी आहे’ किंवा ‘थँक्यू सर्वांना’ असं उत्तर देईल. त्यावर परत ‘वेलकम’ लिहायची गरज नसते, तीस जणांचे तीस ‘वेलकम’ आले की तिचा आभाराचा संदेशच वर निघून जातो. आमच्या त्या मुलीने ग्रुपवर एक ओळ लिहिली आणि संध्याकाळी सुटायच्या वेळी माझ्या टेबलापाशी आली. पेढ्यांचा बॉक्स रिकामा झाला होता. तळाच्या कागदावर एकच पेढा उरला होता, तो तिने माझ्यासाठी झाकून ठेवला होता. ‘ताई, ते चिडलेल्या माणसाचं तुम्ही लिहिलंत ना?’ तिने विचारलं. ‘आईला वाचून दाखवते आज. मी इथे दिवसभर नक्की काय करते, ते तिला कधी नीट कळतच नाही.’